पाच वर्षांत संपत्ती 'तिप्पट' : उमेदवाराचे शपथपत्र नेमके कसे वाचावे?

मंगळवारपेठकर

गेल्या विधानसभेला आमच्या मतदारसंघात उभ्या असलेल्या एका उमेदवाराची २०१९ आणि २०२४ अशी दोन्ही शपथपत्रे मी affidavit.eci.gov.in वरून उतरवून घेतली आहेत. उमेदवाराचे आणि पक्षाचे नाव मुद्दाम देत नाही आणि आकडे थोडे गोळाबेरीज करून देत आहे, कारण मला त्या व्यक्तीवर चर्चा नको असून वाचण्याची रीत समजून घ्यायची आहे.

२०१९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावावर ३८ लाखांची जंगम आणि १ कोटी ७२ लाखांची स्थावर, म्हणजे एकूण २ कोटी १० लाखांची मालमत्ता दाखवली होती, आणि कर्ज ४० लाख होते. २०२४ मध्ये जंगम ९५ लाख, स्थावर ५ कोटी ४५ लाख, एकूण ६ कोटी ४० लाख आणि कर्ज १ कोटी ३५ लाख झाले. तालमीच्या कट्ट्यावर एक गट म्हणतो, 'पाच वर्षांत तिप्पट झाली, आता आणखी काय पुरावा पाहिजे?' दुसरा गट म्हणतो, 'जमिनीचे भाव वाढले, त्यात त्यांचा काय दोष?' दोघांपैकी कोणाचे खरे, हे त्याच कागदावरून ठरवता येते का, असा माझा प्रश्न आहे. शिवाय त्यांच्यावर चार फौजदारी प्रकरणे दाखवली आहेत, त्यांचेही वजन कसे जोखायचे ते कोणी सांगितल्यास बरे होईल.

ऊसवाला_शिरोळ

यात शोधण्यासारखे काही नाही. संपत्ती वाढली आहे आणि पगार तर कोणी देत नव्हते, तेव्हा पैसा कुठून आला हे शेंबडे पोरही सांगेल. शपथपत्र हे फक्त कागद रंगवण्यासाठी असते.

निवृत्त_महसूल

मंगळवारपेठकर, बेरीज वाचू नका, रकाने वाचा. शपथपत्राचा जो ठरलेला नमुना २६ आहे, त्यातील स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक जमिनीसाठी गट नंबर, एकरांतील क्षेत्र, ती वारसाने मिळाली आहे का, खरेदीची तारीख, खरेदीच्या वेळची किंमत, त्यानंतर केलेला खर्च आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत असे वेगवेगळे रकाने आहेत. वर्तमानपत्रात येते ती फक्त शेवटच्या रकान्याची बेरीज. ती बाजारभावाची किंमतही उमेदवाराच्या अंदाजाने लिहिलेली असते. ती कोणा मूल्यांकनकाराने काढलेली नसते आणि निवडणूक निर्णय अधिकारीही तिची खातरजमा करीत नाही. रकाने भरले आहेत की रिकामे सोडले आहेत, एवढे तो पाहतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही, निरंक असेल तर निरंक लिहावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्याकडच्या स्थावर मालमत्तेचे दोन्ही वर्षांचे तपशील येथे टाका. एकेका मालमत्तेची जोडी लावून पाहू.

मंगळवारपेठकर

निवृत्त साहेब, धन्यवाद. तपशील असे आहेत. २०१९ मध्ये करवीर तालुक्यात वारसाहक्काची ६ एकर शेती, किंमत १ कोटी २० लाख. आणि शहरातील राहते घर, किंमत ५२ लाख. २०२४ मध्ये त्याच गावात वारसाहक्काचीच शेती ९ एकर, किंमत २ कोटी ७० लाख. तेच घर ७५ लाख. आणि २०२२ मध्ये खरेदी केलेला बिगरशेती भूखंड, खरेदी किंमत १ कोटी ४० लाख, आजची किंमत २ कोटी.

मला खटकले ते असे की 'वारसाने मिळालेली' या रकान्यात 'होय' लिहिले आहे, पण क्षेत्र तीन एकरांनी वाढले आहे. वारसाची जमीन वाढते कशी?

निवृत्त_महसूल

वाढते, आणि आपल्या भागात अगदी सर्रास वाढते. वडील हयात असताना जमिनीचा काही भाग मुलाच्या नावे असतो आणि काही वडिलांच्याच नावे राहतो. वडील गेल्यावर वारसनोंद होते किंवा भावाभावांत वाटणीपत्र होते, आणि त्याच्या हिश्श्याचे क्षेत्र वाढते. मात्र हे गृहीत धरू नका, तपासा. शपथपत्रात गट नंबर दिलेला असतोच. bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडला की सातबारा विनामूल्य पाहता येतो. बिनसहीचा असतो, पण वाचण्यापुरता पुरतो. त्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक दिसतो. तो फेरफार वारसाचा आहे की खरेदीचा, एवढे पाहिले की शपथपत्रातील 'होय' खरे की खोटे ते कळते. त्याच सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नोंदलेला असेल, तर ते कर्ज शपथपत्राच्या दायित्वांच्या तक्त्यात आहे का, हेही जुळवून घ्या.

मंगळवारपेठकर

आत्ताच पाहिले. तिन्ही एकरांचा फेरफार २०२१ चा असून वारसनोंदीचा आहे. बोजा सोसायटीचा आहे आणि तो शपथपत्रात दाखवलेला आहे.

मास्तर_गडहिंग्लज

मग आता हिशेब मांडता येईल. मी गणित शिकवत होतो, त्यामुळे राहवत नाही.

स्थावर मालमत्ता एकूण ३ कोटी ७३ लाखांनी वाढली. त्यातील जुन्या ६ एकरांचा भाव एकरी २० लाखांवरून ३० लाख धरल्यामुळे ६० लाख वाढले. वारसाने आलेल्या ३ एकरांचे ९० लाख. घराची किंमत २३ लाखांनी वाढवून लिहिली. उरलेले २ कोटी भूखंडाचे, पण त्यातही खरेदीला दिलेले पैसे १ कोटी ४० लाखच, बाकीचे ६० लाख हा पुन्हा भाववाढीचा अंदाज. म्हणजे ३ कोटी ७३ लाखांपैकी २ कोटी ३३ लाख वाढ अशी आहे की जिच्यासाठी उमेदवाराच्या खिशातून एक रुपयाही गेलेला नाही. कट्ट्यावरच्या दुसऱ्या गटाचे इथपर्यंत बरोबर आहे.

पण इथे थांबायचे नाही. खरोखर पैसे मोजावे लागले ते भूखंडासाठी १ कोटी ४० लाख. जंगम मालमत्ता ५७ लाखांनी वाढली आहे. तिच्यात सोने किती आहे?

मंगळवारपेठकर

सोने दोन्ही वेळा ३० तोळेच आहे. २०१९ मध्ये त्याची किंमत साडेअकरा लाख लिहिली होती, २०२४ मध्ये साडेबावीस लाख. बाकी वाढ ठेवी, म्युच्युअल फंड आणि एका नव्या गाडीची आहे.

मास्तर_गडहिंग्लज

वजन तेच असेल तर ती ११ लाखांची वाढही सोन्याच्या भावाचीच. म्हणून दागिन्यांच्या रकान्यात किमतीआधी वजन पाहावे. उरली ४६ लाखांची खरी वाढ. भूखंडाचे १ कोटी ४० लाख मिळवले तर १ कोटी ८६ लाख होतात. कर्ज ४० लाखांवरून १ कोटी ३५ लाखांवर गेले, म्हणजे त्यातले ९५ लाख कर्जातून आले. उरलेले ९१ लाख उत्पन्नातून किंवा काहीतरी विकून आले पाहिजेत. भूखंडावरचे मुद्रांक शुल्क आणि घरखर्च मी अजून धरलेलाच नाही.

आता प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्नाचा तक्ता टाका. २०१९ पासून शेवटच्या पाच वर्षांचे उत्पन्न द्यावे लागते.

मंगळवारपेठकर

उमेदवाराचे ७.२, ७.८, ८.५, ९.६ आणि १०.९ लाख. एकूण ४४ लाख. पत्नीचे पाच वर्षांचे मिळून सुमारे १२ लाख.

ऊसवाला_शिरोळ

मग मी पहिल्यांदाच काय म्हणालो होतो? ९१ लाख लागले आणि उत्पन्न ४४ लाख. ४७ लाखांचा फरक सरळ दिसतो आहे, आणि माणूस पाच वर्षे उपाशी तर राहिला नसेल.

अॅड_भवानीमंडप

ऊसवाला दादा, आपण स्वतः ऊस लावता आणि तरी हा मुद्दा आपल्याकडून सुटला याचे नवल वाटते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकर कायद्याने करमुक्त आहे. त्यामुळे विवरणपत्रात जे 'एकूण उत्पन्न' असते आणि जे शपथपत्रात उतरवले जाते, त्यात शेतीचे उत्पन्न बहुधा आलेलेच नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकरी उमेदवाराचा प्राप्तिकराचा रकाना आणि त्याची खरेदी यांची थेट तुलना केली तर निम्मे उमेदवार संशयित ठरतील. शपथपत्राच्या शेवटी उत्पन्नाचे स्रोत विचारलेले असतात, तिथे 'शेती' लिहिले आहे का ते पाहावे.

मंगळवारपेठकर

वकीलसाहेब, 'शेती व व्यवसाय' असे लिहिले आहे. रक्कम नाही.

ऊसवाला_शिरोळ

ठीक, मग ऊसवाल्याचाच हिशेब घ्या. एकरी ४० टन चांगला उतारा धरू. टनाला ३००० रुपये हातात आले असे धरू. ६ एकरांचे ७ लाख २० हजार, ९ एकरांचे १० लाख ८० हजार. त्यातून बी-बियाणे, लागणीची मजुरी, खत, पाणीपट्टी, वीजबिल हे सगळे वजा करा. माझ्याकडे तर निम्मे जाते. शिवाय सगळे रान दर वर्षी उसाखाली नसते. पाच वर्षांत २० ते २५ लाखांच्या वर निव्वळ शिल्लक कोणी दाखवली तर मी त्याच्याकडे शिकायला जाईन. म्हणजे ४७ मधून हे २०-२५ गेले तरी किमान २२ लाख आणि घरखर्च यांचा मेळ लागत नाही.

निवृत्त_महसूल

हा हिशेब मला पटतो. आता कर्जाकडे वळा, कारण मास्तरांनी ९५ लाख एका ओळीत सोडून दिले. दायित्वांच्या तक्त्यात बँकांची आणि वित्तसंस्थांची कर्जे वेगळी, आणि व्यक्ती व इतर संस्थांकडून घेतलेली वेगळी विचारली आहेत. देणाऱ्याचे नाव लिहावे लागते. बँकेचे कर्ज तारण आणि परतफेडीची ऐपत पाहून मिळते, म्हणून ते एक प्रकारे तपासलेले असते. हातउसन्या रकमेचे तसे नसते. ९५ लाखांत हातउसने किती?

मंगळवारपेठकर

बँकेचे ५५ लाखांनी वाढले आहे. ४० लाख 'पत्नीकडून' असे लिहिले आहे.

मास्तर_गडहिंग्लज

पत्नीचे पाच वर्षांचे उत्पन्न १२ लाख, आणि पतीला दिले ४० लाख? प्रथम हे पाहा की पत्नीच्या जंगम मालमत्तेत 'दिलेली कर्जे व आगाऊ रकमा' या रकान्यात ४० लाख आहेत का. एकाच कागदावर एकाचे देणे हे दुसऱ्याचे येणे असायलाच हवे.

मंगळवारपेठकर

आहेत. पतीचे नावही लिहिले आहे.

निवृत्त_महसूल

मग आता २०१९ च्या शपथपत्रातील पत्नीचा रकाना उघडा आणि २०२४ मध्ये काय *नाही* ते शोधा. नव्याने काय आले हे सगळेच बघतात, पण जे नाहीसे झाले ते क्वचितच कोणी पाहते.

मंगळवारपेठकर

सापडले. २०१९ मध्ये पत्नीच्या नावे पुण्यात एक सदनिका होती, किंमत ३५ लाख. २०२४ मध्ये ती नाही.

अॅड_भवानीमंडप

म्हणजे सदनिका विकून ते पैसे पतीला दिले असण्याची दाट शक्यता आहे. विक्री प्रत्यक्ष किती रकमेला झाली ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधून पाहता येईल. ४० लाखांचा स्रोत येथे बऱ्यापैकी लागतो. एक सांगतो, पतीचा रकाना एकटा वाचला असता तर हे ४० लाख फारच संशयास्पद वाटले असते. मात्र मास्तरांनी हे ४० लाख कर्जात आधीच धरले आहेत, त्यामुळे वरच्या २२ लाखांचा प्रश्न याने सुटत नाही. तो तसाच आहे. जुन्या विम्याची मुदत संपून आलेली रक्कम असू शकते, वडिलांच्या ठेवी वारसाने आल्या असू शकतात, किंवा काही दडवलेलेही असू शकते. शपथपत्र एवढेच सांगते की प्रश्न विचारायला जागा आहे.

मृणाल_राजारामपुरी

मला थोडे वेगळे विचारायचे आहे. माझ्या सासऱ्यांची जमीन अजून चार चुलत्यांमध्ये सामाईक आहे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे आहेत. माझे पती ग्रामपंचायतीला उभे राहायचे म्हणत आहेत. त्यांनी सगळी जमीन दाखवायची की फक्त हिस्सा? आणि आमचा मुलगा नोकरीला आहे, त्याची गाडी दाखवायची का?

अॅड_भवानीमंडप

मृणालताई, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तिथला शपथपत्राचा नमुना वेगळा आहे, तो तहसील कार्यालयातून घ्यावा. विधानसभेच्या नमुन्यात सामाईक मालमत्तेत आपला हिस्सा किती ते लिहावे लागते. मुलाबद्दल म्हणाल तर 'अवलंबित' म्हणजे ज्याचे स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उदरनिर्वाहासाठी उमेदवारावर अवलंबून आहे तो. कमावता मुलगा त्यात येत नाही.

ऊसवाला_शिरोळ

हेच तर सगळ्यात मोठे भोक आहे. कमावत्या मुलाच्या, सुनेच्या, भावाच्या नावावर घेतलेले काहीच दिसणार नाही. मग एवढा हिशेब कशाचा केला?

निवृत्त_महसूल

ते खरे आहे आणि त्यावर शपथपत्रात उपाय नाही. फक्त एक खिडकी आहे. शासनाशी केलेल्या कंत्राटांची माहिती विचारलेली असते, आणि ती उमेदवार, पती किंवा पत्नी व अवलंबितांपुरती नसून त्यांचे हितसंबंध असलेल्या भागीदारी संस्था आणि त्यांचा हिस्सा असलेल्या खाजगी कंपन्या यांचीही द्यावी लागते. तिथे बहुतेक जण 'लागू नाही' लिहून मोकळे होतात. तालुक्यात रस्त्याच्या कामाचा फलक कोणाच्या नावाचा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याने तो रकाना अवश्य वाचावा.

मंगळवारपेठकर

फौजदारी प्रकरणांचे राहिले. चारपैकी तीन जुनी असून त्यांत भारतीय दंड संहितेची १४३, ३४१, १८८ आणि पोलीस कायद्याची ३७, १३५ अशी कलमे आहेत. चौथ्यात ४२०, ४०६ आणि ३४ आहे.

पैलवान_कागल

माझ्या माहितीप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले असतील तरच प्रकरण दाखवावे लागते. तेव्हा त्यांनी उगीचच चार दाखवली म्हणायची, नाहीतर चारही गंभीर असली पाहिजेत.

अॅड_भवानीमंडप

पैलवान, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३३अ या कलमात आपण म्हणता ती अट आहेच, पण नमुना २६ त्यापुढे जातो. आजचा नमुना सर्व प्रलंबित फौजदारी प्रकरणे विचारतो आणि आरोप निश्चित झाले आहेत का, झाले असल्यास कोणत्या तारखेला, हे वेगळ्या रकान्यांत विचारतो. शिवाय २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की न्यायालयाने दखल घेतलेले प्रकरणही लपवता येत नाही. फक्त पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला आहे आणि दोषारोपपत्र अजून गेलेले नाही, असे प्रकरण 'प्रलंबित' म्हणायचे का, यावर वकिलांतही एकमत नाही. पहिल्याच रकान्यात गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणे विचारले असल्यामुळे सावध उमेदवार तेही लिहितात.

आता वजनाबद्दल. १४३ म्हणजे बेकायदा जमाव, ३४१ म्हणजे वाट अडवणे, १८८ म्हणजे आदेशाचा भंग, आणि पोलीस कायद्याचे ३७ म्हणजे जमावबंदी. ही कलमे एकत्र दिसली की समजावे, ऊसदरासाठी किंवा अशाच कारणाने रास्ता रोको झालेला आहे. आपल्या जिल्ह्यात अशा प्रकरणाशिवाय पुढारी सापडणे कठीण. ४२० आणि ४०६ म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात. ३४ म्हणजे अनेकांनी मिळून. तो कोणाच्या तरी पैशांचा मामला आहे. तीन रास्ता रोको आणि एक फसवणूक यांची बेरीज करून 'चार गुन्हे' म्हणणे चुकीचे, आणि 'सगळी राजकीय प्रकरणे आहेत' म्हणणेही चुकीचे. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत न्याय संहितेची कलमे येतील, फसवणुकीसाठी ३१८. जुन्या गुन्ह्यांना जुनीच राहतात.

त्या चौथ्या प्रकरणात आरोप निश्चित झाल्याची तारीख आहे का?

मंगळवारपेठकर

आहे, २०२३ ची. २०१९ च्या शपथपत्रात हेच प्रकरण 'आरोप निश्चित नाहीत' असे होते. आणि २०१९ मध्ये पाचवे एक प्रकरण होते, ३५३ चे. ते आता नाही.

अॅड_भवानीमंडप

मग दोन गोष्टी करा. शपथपत्रात न्यायालयाचे नाव आणि खटला क्रमांक दिलेला असेल. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर कोल्हापूर जिल्हा निवडून तो क्रमांक टाका, पुढची तारीख आणि टप्पा दिसेल. ३५३ म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यावर हल्ला किंवा बळजोरी. ते प्रकरण निर्दोष सुटून संपले, उच्च न्यायालयाने रद्द केले, शासनाने मागे घेतले, की नुसतेच लिहायचे राहिले, हे निकालाच्या नोंदीवरून कळेल. शेवटचे असेल तर ती माहिती दडवणे ठरते आणि कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्यासाठी तक्रारदाराने न्यायालयात जावे लागते. निवडणुकीलाच आव्हान द्यायचे तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, ती मुदत तर केव्हाच गेली.

मंगळवारपेठकर

३५३ चे प्रकरण सापडले, २०२२ मध्ये निर्दोष मुक्तता. फसवणुकीच्या खटल्यात साक्षीपुरावा चालू आहे.

भूखंडाचा दस्त सूची दोनमध्ये शोधताना मात्र नवीनच गोष्ट दिसली. खरेदीदार दोन आहेत, उमेदवार आणि आणखी एक व्यक्ती. मोबदला १ कोटी ४० लाखच आहे. शपथपत्रात सामाईक मालकीचा उल्लेख नाही, हिस्साही नाही.

मास्तर_गडहिंग्लज

मग माझा सगळा हिशेब हलतो. निम्मा हिस्सा असेल तर त्यांनी दिले ७० लाख, आणि तो २२ लाखांचा फरक उरतच नाही, उलट पैसे शिल्लक राहतात. पण मग ९५ लाखांचे नवे कर्ज कशासाठी काढले?

ऊसवाला_शिरोळ

आणि दुसऱ्याचे पैसे याने भरले असतील तर?

निवृत्त_महसूल

दोन्ही शक्य आहे. हिस्सा लिहायला हवा होता, एवढे नक्की. सूची दोनवर हिस्से सहसा कळत नाहीत. दस्ताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल शुल्क भरून मिळते, त्यात मोबदला कोणाच्या खात्यातून कोणत्या धनादेशाने दिला ते लिहिलेले असते. मंगळवारपेठकर, दस्त क्रमांक टिपून ठेवला आहे ना?

मंगळवारपेठकर

ठेवला आहे, काका. सोमवारी अर्ज देतो.